‘चुकून नेलं, परत पाठवलं’ : मृत्युसमीप अनुभव आणि त्यांचे अर्थ लावण्याच्या पद्धती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मानसशास्त्र आणि धर्म या पेपरसाठी मृत्युसमीप अनुभवांवर तुलनात्मक निबंध लिहिणारे विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये एकच भारतीय वृत्तान्त धरून पुढे गेलो आहे, कारण दहा वृत्तान्त वरवर चाळण्यापेक्षा एक नीट उलगडला की प्रत्येक विचारपद्धती काय पाहते आणि काय सोडून देते ते स्पष्ट दिसतं.

मृत्युसमीप अनुभव कशाला म्हणायचं?

मरणाच्या दारातून परतलेली, किंवा आपण आता मरतोय असं वाटलेली माणसं काही विशिष्ट गोष्टी सांगतात: विलक्षण शांतता, शरीराबाहेर असल्याची जाणीव, प्रकाश, दुसऱ्याच कुठल्या ठिकाणी जाणं, तिथे कुणी भेटणं आणि तिथून परत येणं. अमेरिकेत रेमंड मूडी यांनी 1975 मध्ये अशा कहाण्यांचं पुस्तक काढलं आणि ‘निअर-डेथ एक्सपिरियन्स’ हे नाव रूढ झालं. संशोधनासाठी मात्र मोजमाप हवं होतं. ते ब्रूस ग्रेसन यांनी 1983 मध्ये दिलं. त्यांच्या मापनीत 16 प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 2 गुण, एकूण 32. सात किंवा अधिक गुण मिळाले तर तो अनुभव मृत्युसमीप अनुभव म्हणून अभ्यासात घेतात.

अंधाऱ्या बोगद्यातून प्रकाशाकडे जाण्याचा प्रसिद्ध अनुभव, म्हणजे ‘बोगदा’, या 16 प्रश्नांत नाही. बोगदा नसेल तर अनुभव खरा नाही असं अनेक जण धरून चालतात, म्हणून हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

निबंधासाठी कोणता वृत्तान्त घ्यावा?

माझी निवड सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 16 भारतीय वृत्तान्तांपैकी एक. पसरिचा बंगळूरच्या निम्हान्समध्ये होत्या, स्टीव्हन्सन अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात मानसोपचारतज्ज्ञ. वृत्तान्त उत्तर भारतातल्या एका वाण्याचा आहे. थोडक्यात असा:

आजारात तो मेला असं घरच्यांना वाटलं. त्याने नंतर सांगितलं की चार काळे दूत आले आणि त्याला धरून घेऊन गेले. तिथे त्याचं शरीर लहान झालं होतं. हातात लेखणी घेतलेली एक म्हातारी बसली होती आणि कारकुनांपुढे वह्यांचा ढीग होता. एक कारकून म्हणाला, हा वाणी आपल्याला नको, याच नावाचा कुंभार आणायला सांगितलं होतं, याचं आयुष्य अजून बाकी आहे. वाण्याने विनवणी केली की मला इथेच काही काम द्या, परत पाठवू नका. उंच आसनावर पांढऱ्या दाढीचे, पिवळी वस्त्रं नेसलेले यमराज होते. त्यांनी त्याला काय हवं ते विचारलं, हात पुढे करायला सांगितलं. मग त्याला खाली ढकललं आणि तो शुद्धीवर आला. त्या नावाचा कुंभार त्याच सुमारास वारला हे त्याला मागाहून कळलं.

पसरिचा–स्टीव्हन्सन यांच्या संग्रहात असे ‘माणूस चुकला’ प्रकारचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. उलट अमेरिकन वृत्तान्तांत नेहमी आढळणारं, छताजवळून स्वतःचाच देह खाली पडलेला पाहणं, या भारतीय संग्रहात विरळा आहे.

हा वृत्तान्त ग्रेसन मापनीवर किती गुण मिळवतो?

हे गणित निबंधात जरूर करून दाखवा. दुसऱ्या लोकात गेला: 2. अलौकिक व्यक्ती स्पष्ट भेटली: 2. धार्मिक व्यक्तिमत्त्व दिसलं: 2. इच्छेविरुद्ध परत पाठवलं: 2. झाले 8. म्हणजे उंबरठा ओलांडला.

आता हे आठ गुण कुठून आले ते पाहा. ग्रेसन यांनी 16 प्रश्नांचे चार गट केले आहेत: विचारशक्तीतले बदल, भावना, अतींद्रिय वाटणाऱ्या गोष्टी आणि लोकोत्तर गोष्टी. वाण्याला लोकोत्तर गटातले आठपैकी आठ मिळाले. प्रकाश नाही. काळ थांबला नाही, विचार वेगाने धावले नाहीत, गतायुष्याची चित्रं डोळ्यांपुढून गेली नाहीत. ‘इथेच राहू द्या’ या विनवणीत सुख असावं असा अंदाज बांधता येतो, पण त्याने तसं सांगितलेलं नाही, म्हणून गुण देता येत नाहीत. शरीर लहान झालं हे कुठे बसवायचं हा वादाचा मुद्दा.

एखाद्या डच रुग्णाला अपार शांती, आनंद, प्रकाश आणि देहाबाहेर असल्याची जाणीव यांतूनच आठ गुण मिळतील. त्याच्या आणि वाण्याच्या अनुभवात एकही गोष्ट समान नसेल, तरी आकडेवारीत दोघे शेजारी बसतील. ‘जगभर अनुभव सारखाच असतो’ या विधानाकडे ही गोष्ट मनात ठेवून बघायला हवं. एक मर्यादाही निबंधात नोंदवा: ही मापनी अनुभव घेतलेल्या व्यक्तीने स्वतः भरायची असते. छापील वृत्तान्तावरून दुसऱ्याने गुण देणं हा अभ्यासाचा सराव झाला, संशोधनाचा पुरावा नव्हे.

मेंदूविज्ञान याचा उलगडा कसा करतं?

मेंदूला प्राणवायू कमी पडणं, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढणं, औषधांचा परिणाम, जागेपणी स्वप्नझोपेची लक्षणं घुसणं अशी अनेक कारणं सुचवली गेली आहेत. सर्वांत ठोस धागा देहाबाहेरच्या जाणिवेचा आहे. ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, कानशिलाच्या मागच्या-वरच्या भागात विजेचं सौम्य उद्दीपन दिलं, तेव्हा तिला आपण वरून स्वतःला पाहतोय असं वाटलं. म्हणजे शरीर कुठे आहे याची जाणीव मेंदू सतत रचत असतो आणि ती रचना बिघडवता येते.

जिमो बोरजिगिन यांच्या गटाने 2013 मध्ये उंदरांत हृदय थांबल्यानंतर काही सेकंद मेंदूत, जागृत जाणिवेशी जोडल्या जाणाऱ्या गॅमा लहरींची लाट पाहिली. 2023 मध्ये श्वसनयंत्र काढलेल्या चार रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या दोघांत तशी वाढ दिसली. बातम्यांत याला ‘मरणानंतरच्या अनुभवाचं रहस्य उलगडलं’ असं रूप आलं. पण चौघांपैकी कुणीच वाचलं नाही. त्या लहरी चालू असताना त्यांना काही दिसत होतं की नाही हे सांगायला कुणी उरलंच नाही.

आणखी एक अडचण 1990 च्या एका अभ्यासातून येते. मृत्युसमीप अनुभव सांगणाऱ्या 58 जणांचे वैद्यकीय कागद तपासले, तर त्यांतले 30 जण प्रत्यक्षात मरणाच्या जवळ नव्हतेच. त्यांना तसं फक्त वाटलं होतं. तेव्हा ‘मरणाऱ्या मेंदूची अखेरची हालचाल’ एवढ्यावर काम भागत नाही. मात्र खरोखर मरणासन्न असलेल्यांनी प्रकाश आणि विचारांची तीव्रता जास्त सांगितली, म्हणजे शरीराची स्थिती अगदीच गैरलागूही नाही.

वाण्याच्या बाबतीत मेंदूविज्ञान एवढं सांगू शकतं की तापात, बेशुद्धीच्या काठावर, इतका जिवंत अनुभव उद्भवू शकतो. तिथे कारकून का होते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

मग कारकून संस्कृतीतून आले, एवढं म्हटलं की झालं ना?

बहुतेक निबंध इथेच थांबतात. यम, यमदूत, चित्रगुप्ताची वही हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. सावित्रीची गोष्ट तर वटपौर्णिमेला घरोघरी सांगितली जाते. तेव्हा हिंदू माणसाला बेशुद्धीत यमाचा दरबार दिसला यात नवल काय? धर्माच्या अभ्यासात या भूमिकेला रचनावाद म्हणतात. स्टीव्हन कॅट्झ यांनी 1978 मध्ये ती जोरात मांडली: आधी शुद्ध अनुभव आणि मग त्यावर संस्कृतीचा रंग असं काही नसतं, अनुभव घडतानाच संस्कृतीच्या साच्यात घडतो.

आता इ.स. 421 च्या सुमारास आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या अल्जीरियात चला. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन मृतांच्या सेवेविषयीच्या आपल्या ग्रंथात कुर्मा नावाच्या माणसाची हकिकत देतात. कुर्मा गावच्या नगरसभेतला गरीब सभासद. आजारात कित्येक दिवस निपचित पडला होता. नाकाशी हात धरला तर श्वास जेमतेम जाणवायचा, म्हणून त्याला पुरलं नाही. शुद्धीवर येताच तो म्हणाला, कुर्मा लोहाराच्या घरी जाऊन बघा तिथे काय चाललंय. लोक गेले तर लोहार त्याच क्षणी मेलेला. कुर्माने सांगितलं की तिकडे हुकूम सुटला होता तो लोहाराला आणण्याचा, आणि चुकून नेलं गेलं ते त्याला.

सुमारे इ.स. 593 मध्ये पोप ग्रेगरी यांनीही अशीच हकिकत लिहून ठेवली. स्टीफन नावाचा प्रतिष्ठित माणूस कॉन्स्टँटिनोपलला वारला. प्रेत तयार करणारा मिळेना म्हणून रात्रभर देह तसाच राहिला. त्याला न्यायाधीशापुढे नेलं, तर न्यायाधीश म्हणाला, मी स्टीफन लोहाराला आणायला सांगितलं होतं. स्टीफन परतला आणि शेजारचा लोहार त्याच घटकेला मेला. दुसऱ्या शतकातल्या लुशियनच्या ग्रीक उपहासकथेतही पाताळाचा राजा हेच म्हणतो, आणि तिथेही खरा हवा असलेला माणूस शेजारचा लोहारच आहे.

यम नाही, चित्रगुप्त नाही, पुनर्जन्म नाही. तरी वाणी आणि कुंभार, सभासद आणि लोहार, प्रतिष्ठित स्टीफन आणि लोहार असा एकच सांगाडा! ‘हे हिंदू संस्कृतीतून आलं’ हे उत्तर इथे अपुरं पडतं. मला या विषयातला सर्वांत खोल प्रश्न हाच वाटतो, आणि निबंधाचा अर्धा भाग यावर खर्च झाला तरी चालेल.

या साम्याचं स्पष्टीकरण कोण कसं देतं?

तीन वाटा आहेत. पहिली लोककथेच्या अभ्यासकांची: ही फिरती कथा आहे. लुशियनच्या काळी ती इतकी परिचित होती की तिची थट्टा करता येत होती, आणि ग्रेगरीच्या वाचनात ऑगस्टीन होताच. तेवढ्या टप्प्यांसाठी ही वाट भक्कम आहे. उत्तर भारतातल्या खेड्यातल्या वाण्यापर्यंत ती कथा पोचली कशी, हे दाखवायची जबाबदारी मात्र तिच्यावर राहते.

दुसरी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलन केलेहिअर यांच्या विचारातून निघणारी. 1990च्या दशकात त्यांनी वेगवेगळ्या समाजांतले वृत्तान्त शेजारी ठेवून विचारलं, की कोणता घटक कोणत्या प्रकारच्या समाजात दिसतो. गतायुष्याचा आढावा, उदाहरणार्थ, शिकारी-संकलक समाजांच्या वृत्तान्तांत त्यांना जवळपास आढळला नाही. हीच पद्धत इथे लावली तर असं म्हणता येईल: जिथे कर, फौजदारी, हुकूमनामे आणि वह्या आहेत, तिथेच परलोकालाही कचेरी असणार. रोमन आफ्रिका आणि उत्तर भारत यांचा धर्म वेगळा, पण दोन्हीकडे सरकारी कागदावर नाव चुकणं हा लोकांच्या रोजच्या आयुष्यातला अनुभव. नाव एक आणि जातधंदा वेगळा ही खूण तर दोन्हीकडे तंतोतंत जुळते. मला ही वाट सर्वांत फलदायी वाटते.

तिसरी ग्रेगरी शुशान यांच्यासारख्या तुलनाकारांची. त्यांच्या मते उलट दिशाही विचारात घ्यावी: माणसं अशा स्थितीतून परततात, आणि परलोकाच्या कल्पना काही अंशी अशा वृत्तान्तांवरून घडतात. परत येणाऱ्याला ‘मी का परतलो’ याचं उत्तर हवंच असतं, आणि ‘चूक झाली होती’ हे सर्वांत सहज सुचणारं उत्तर आहे.

कुंभार खरंच त्याच वेळी मेला असेल तर तो पुरावा नाही का?

स्टीव्हन्सन यांच्यासारखे संशोधक मरणोत्तर अस्तित्वाची शक्यता गांभीर्याने घेत, म्हणून अशा जुळणीला ते महत्त्व देत. तो मुद्दा टाळू नका, पण तपासा. कुंभाराच्या मृत्यूची वेळ स्वतंत्र नोंदीत आहे का? वाण्याने ही हकिकत कुंभाराच्या मरणाची बातमी गावात पसरण्यापूर्वी कुणाला सांगितली होती का? त्या पंचक्रोशीत त्या नावाची माणसं किती होती? मुलाखती घटनेनंतर काही वर्षांनी झाल्या, आणि एवढ्या काळात ‘त्याच सुमारास’चं ‘त्याच क्षणी’ व्हायला वेळ लागत नाही. शिवाय ज्या ठिकाणी जुळणी झाली नाही ती हकिकत कुणी पुन्हा सांगत नाही, त्यामुळे आपल्यापर्यंत येतात त्या जुळलेल्याच.

रुग्णालयात अशी तपासणी आधीच ठरवून करण्याचा प्रयत्न सॅम पार्निया यांच्या गटाने केला. खोल्यांत उंचावर फळ्या लावून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. 2014 मध्ये निष्कर्ष आले: हृदय थांबल्याच्या 2060 घटना, मुलाखत देऊ शकलेले 140. त्या वेळचं काही पाहिल्या-ऐकल्याची स्पष्ट आठवण फक्त दोघांना होती, आणि दोघांचीही हृदयं फळी नसलेल्या जागी थांबली होती. फळीवरचं चित्र कुणीच सांगितलं नाही. यातून परलोक सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही. चाचणी प्रत्यक्षात घडलीच नाही, एवढंच म्हणता येतं.

ऑगस्टीन यांनी या बाबतीत जे केलं ते आजही शिकण्यासारखं आहे. कुर्माला त्या अवस्थेत स्वतः ऑगस्टीन दिसले होते, हिप्पोमध्ये त्याला बाप्तिस्मा देताना. आणि ऑगस्टीन यांना त्याची काहीच कल्पना नव्हती. दोनेक वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं. त्यावरून त्यांनी तर्क केला: मी जिवंत असून मला न कळता मी त्याला दिसलो, तर कुणाला मृत दिसले म्हणजे ते मृत तिथे खरोखर आले होते असं कशावरून? दिसलेली आकृती आणि ती व्यक्ती एकच नव्हेत. सोळाशे वर्षांपूर्वीच्या श्रद्धावान बिशपने, चमत्कार न नाकारता, हा भेद केला.

भारतीयांना बोगदा दिसत नाही, हे खरं का?

यावर 1990च्या दशकात खडाजंगी झाली. मानसशास्त्रज्ञ सुझन ब्लॅकमोर यांचं म्हणणं होतं की बोगदा दृष्टीशी संबंधित मेंदूच्या भागातून येतो, म्हणून तो सर्वत्र दिसायला हवा. त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात जाहिरात देऊन भारतीय वृत्तान्त मागवले आणि 1993 मध्ये ‘इथेही बोगदे आहेत’ असं लिहिलं. केलेहिअर, पसरिचा आणि स्टीव्हन्सन यांनी लगेच हरकत घेतली की अंधार किंवा काळोखी जागा म्हणजे बोगदा नव्हे. हरकत रास्त आहे. शिवाय इंग्रजी दैनिकाचा वाचक आणि खेड्यातला वाणी यांच्या कानावर काय काय पडलेलं असतं यात फार अंतर आहे.

भीतिदायक अनुभवही असतात का?

असतात, आणि संग्रहांत ते कमी दिसण्याचं एक कारण म्हणजे लोक ते सांगायला कचरतात. ग्रेसन आणि नॅन्सी बुश यांनी 1992 मध्ये त्यांचे प्रकार मांडले. पसरिचा–स्टीव्हन्सन यांच्या एका वृत्तान्तात दूतांनी पळू नये म्हणून माणसाचे पाय गुडघ्यातून तोडले आणि चूक कळल्यावर परत जोडले, असं आहे.

निबंधात या पद्धती एकमेकींसमोर कशा ठेवायच्या?

‘विज्ञान विरुद्ध धर्म’ अशा दोन रांगा लावू नका. धर्माचे अभ्यासक वेन प्राउडफूट यांनी 1985 मध्ये अनुभवाचं वर्णन आणि त्याचं स्पष्टीकरण यांत केलेला भेद वापरा. वाण्याचा अनुभव वर्णन करताना तो त्याच्याच शब्दांत करावा लागतो: त्याला यमराज दिसले. तिथे ‘त्याला भास झाला’ असं लिहिलंत तर अनुभवच हरवला. पण कारण सांगताना त्याचं स्पष्टीकरण मान्य करायचं बंधन नाही. बहुतेक निबंध पहिल्या परिच्छेदातच वर्णनात स्पष्टीकरण मिसळतात, आणि मग तुलना करण्यासारखं काही उरत नाही.

धर्माच्या अभ्यासक अ‍ॅन टेव्हज यांची पुढची पायरीही उपयोगी आहे. त्या अनुभवाचे घटक सुटे करतात आणि विचारतात की कुणी, कधी, कशाच्या आधारे त्याला धार्मिक ठरवलं. वाण्याच्या वृत्तान्तात शरीर लहान होणं मेंदूविज्ञानाकडे द्या, कारकून आणि वह्या समाजशास्त्राकडे, परत येण्याचं कारण कथेच्या अभ्यासाकडे, कुंभाराचा मृत्यू पुराव्याच्या तपासणीकडे. मग प्रत्येकाला विचारा की उरलेल्या भागाबद्दल तुझ्याकडे काय आहे. खरी तुलना या दुसऱ्या प्रश्नात होते.

ओळखीच्या कुणाला असा अनुभव आला असेल तर मुलाखत घेता येईल का?

मार्गदर्शकांची आणि त्या व्यक्तीची परवानगी असेल तर घ्या. ‘यमदूत दिसले का?’, ‘प्रकाश होता का?’ असं विचारू नका. विचारलेलं उत्तरात उतरतं. ‘तेव्हा काय झालं ते सुरुवातीपासून सांगा’ म्हणा आणि मध्ये बोलू नका. त्यांनी ‘एक माणूस होता’ म्हटलं तर तुमच्या वहीतही माणूसच राहू द्या, त्याला देव करू नका. नंतर विचारा: हे सर्वांत आधी कुणाला सांगितलं, किती दिवसांनी, त्या वेळी ताप होता का, कोणती औषधं चालू होती. शक्य असल्यास ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याशी वेगळं बोला. दोन सांगण्यांतला फरक तुमची सर्वांत मोलाची सामग्री ठरेल. आणि सांगताना त्यांना रडू आलं किंवा भीती वाटली, तर लिहिणं थांबवा आणि पुढचं त्यांच्या मर्जीवर सोडा.